पहिले तीन महिने : पोटात टिकेल तो घास

पाळी चुकून आठ-पंधरा दिवस होतात न होतात, तोच सकाळी उठल्याबरोबर तोंडाला पाणी सुटायला लागतं, फोडणीचा वास आला की उमासे येतात आणि काल आवडीनं खाल्लेली भाजी आज नकोशी होते. गरोदरपणाच्या सुरुवातीला दहांपैकी सात-आठ बायकांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात होतो. बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास ती सगळ्यात जास्त असते आणि बारा ते सोळा आठवड्यांत ओसरते. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. थोड्या बायकांना मात्र पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत, क्वचित बाळंतपणापर्यंतही आराम पडत नाही.

इतक्या जणींना होतो म्हणूनच घरात या त्रासाकडे दोन टोकांनी पाहिलं जातं. एका टोकाला ‘आम्हालाही कडक डोहाळे होते, चालायचंच’ असं म्हणून तो सोडून दिला जातो. दुसऱ्या टोकाला, बाळाला मिळणार कसं, या काळजीनं तिच्यापुढे भरलेलं ताट ठेवून ते संपवायचा आग्रह होतो. दोन्हींनी तिचं नुकसानच होतं. या काळात दोनच गोष्टींकडे नीट लक्ष द्यायचं : पोट रिकामं राहू द्यायचं नाही, आणि शरीरातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही. त्यातली दुसरी गोष्ट घरी जमेनाशी झाली की दवाखाना गाठायचा.

मळमळ येते कुठून?

पोट बिघडलं, पित्त झालं, असं आपण सहज म्हणून जातो. पण या मळमळीचं मूळ पोटात नाही. गर्भ आणि वार यांतून जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राला चेतवतं. डिसेंबर २०२३मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली, अमेरिकेतल्या मार्लेना फेजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम मांडलं. गरोदर होण्याआधी जिच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, तिचं शरीर त्याला सरावलेलं नसतं. मग ते अचानक वाढलं की तिला त्रास अधिक होतो. बीटा थॅलेसेमिया असलेल्या बायकांच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर असतं आणि त्यांना गरोदरपणात मळमळ फारशी होत नाही, असंही या अभ्यासात दिसलं.

फेजो या संशोधनाकडे वळल्या त्या स्वतःच्या अनुभवामुळे. १९९९मध्ये दुसऱ्या गरोदरपणात त्यांना इतक्या उलट्या होत होत्या की अन्नपाणी काहीच पोटात राहत नव्हतं, आणि ते गरोदरपण टिकलं नाही. लक्ष वेधून घेण्यासाठी त्या त्रास वाढवून सांगतात, असा संशय त्यांच्या डॉक्टरांनी घेतला होता, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे हाच संशय ‘माहेरी जायचंय म्हणून’ किंवा ‘कामं टाळायला’ या शब्दांत बोलला जातो. तिचं मन कमकुवत आहे किंवा तिचे लाड झालेत, म्हणून उलट्या होत नाहीत. हा रक्तातल्या संप्रेरकाचा परिणाम आहे आणि तो सगळ्यांना सारखा होत नाही. सासूला झाला नाही म्हणून सुनेला होणार नाही, किंवा पहिल्या खेपेला झाला नाही म्हणून दुसऱ्या खेपेला होणार नाही, असं गणित मांडता येत नाही.

बाळाच्या पोषणाची भीतीही इथेच दूर करायला हवी. दहाव्या आठवड्यात गर्भाचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम असतं. त्याला लागणारं अन्न अगदी थोडं असतं आणि ते आईच्या शरीरातल्या साठ्यातून मिळतं. त्यामुळे या सहा-आठ आठवड्यांत चौरस आहार जमला नाही तरी बाळाचं बिघडत नाही. ‘दोघांचं खा’ हा सल्ला तर या काळात उपयोगाचाच नाही. आत्ता जे जाईल आणि जे टिकेल ते खायचं. डाळी, पालेभाज्या, दूध यांचा हिशेब चौथ्या महिन्यात तोंडाला चव आली की पुन्हा मांडता येतो.

एका दिवसाचं उदाहरण

आठव्या आठवड्यातल्या एका बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणू. गरोदर होण्याआधी तिचं वजन ५२ किलो होतं. सकाळी साडेपाचला ती उठते, रिकाम्या पोटी चहा घेते आणि डब्याच्या भाजीला फोडणी घालते. तिथेच पहिली उलटी होते. पोटाला आराम म्हणून ती दुपारपर्यंत काही खात नाही. एक वाजता भाजी-पोळी, वरण-भात असं पूर्ण ताट घेते, घास उतरत नाही म्हणून बरोबर दोन पेले पाणी पिते, आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर येतं. घरी पडून असलेल्या जुन्या पाकिटातली लोहाची गोळी ती ‘बाळासाठी’ म्हणून घेते. संध्याकाळी पुन्हा मळमळ, रात्री दहाला जेवण, लगेच आडवं होणं आणि पुन्हा उलटी.

त्रास किती आहे हे मोजायला डॉक्टर तीन प्रश्न विचारतात. गेल्या चोवीस तासांत मळमळ किती तास होती? उलट्या किती झाल्या? काही बाहेर न पडता नुसते कोरडे उमासे किती वेळा आले? प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. मळमळ चार ते सहा तास असेल तर ४ आणि सहा तासांहून जास्त असेल तर ५. उलट्या किंवा उमासे तीन-चार वेळा असतील तर ३, पाच-सहा वेळा ४, सात किंवा अधिक वेळा ५. बेरीज ६पर्यंत असेल तर त्रास सौम्य, ७ ते १२ मध्यम आणि १३ किंवा वर गेली तर तीव्र. या बाईला पाच तास मळमळ, चार उलट्या आणि तीन वेळा उमासे, म्हणजे ४, ३ आणि ३ मिळून १० गुण. तिचा त्रास मध्यम आहे. दिनक्रम बदलून तो बराच कमी होण्याजोगा आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

तिच्या दिवसात चूक कुठे आहे ते पाहा. रिकाम्या पोटी आम्ल तसंच साचून राहतं आणि मळमळ वाढते. ती वाढली म्हणून बाई खात नाही, आणि खात नाही म्हणून ती आणखी वाढते. हे चक्र तोडायचं तर सुरुवात अंथरुणातूनच करावी लागते. रात्री उशाशी डब्यात कोरडं काहीतरी ठेवावं : ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्या, खारी, टोस्ट, भाजलेले मुरमुरे. जाग आली की उठून बसायच्या आधी त्यातले दोन-चार घास सावकाश चावून खायचे, पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहायचं आणि मग हळूच उठायचं. चहा हवाच असेल तर त्यानंतर, आणि कमी कडक.

मग दिवसभर दर दीड-दोन तासांनी मूठभर किंवा अर्धी वाटी. तीन जेवणांच्या जागी सात-आठ लहान खाणी. मऊ भात आणि मेतकूट, दहीभात, तांदळाची पेज, उकडलेला बटाटा मीठ लावून, मुगाचं धिरडं, राजगिऱ्याची वडी, फुटाणे, केळं. यातलं जे नको वाटेल ते सोडून द्यायचं. तळलेलं, तुपकट आणि फार तिखट पोटात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून ते टाळायचं. मात्र नुसत्या पेजेवर किंवा बिस्किटांवर राहण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा थोडं प्रथिन जावं : दही, फुटाणे, मुगाची डाळ, चालत असेल तर उकडलेलं अंडं. प्रथिनांनी मळमळ जरा जास्त वेळ शांत राहते.

पाणी आणि जेवण वेगवेगळं ठेवायचं. घासाबरोबर पेलाभर पाणी गेलं की पोट ताणतं आणि उलटी होते. खाण्याच्या आधी आणि नंतर अर्धा तास सोडून मधल्या वेळात घोट घोट प्यायचं. साधं पाणी बेचव लागत असेल तर थंड लिंबूपाणी, कोकम सरबत, पातळ ताक किंवा शहाळ्याचं पाणी. काही जणींना बर्फाचा खडा चघळला की बरं वाटतं.

वासाचा प्रश्न तिला एकटीला सोडवता येत नाही. फोडणी, कुकरची वाफ, उतू गेलेलं दूध, मासळी, अगरबत्ती यांचे वास उलटीला निमित्त होतात. शक्य असेल तर हे दीड-दोन महिने फोडणीचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी करावं आणि त्या वेळी तिनं हवेशीर खोलीत किंवा दारात बसावं. गरम अन्नापेक्षा गार झालेल्या अन्नाला वास कमी येतो, म्हणून पोळी-भाजी नको वाटणाऱ्या बाईला गार दहीभात सहज जातो. गार म्हणजे शिळं मात्र नव्हे.

आलं हा घरचा उपाय अभ्यासातही थोडाफार उतरला आहे. त्यानं मळमळ कमी होते, उलट्यांवर मात्र विशेष फरक पडत नाही. अभ्यासांमध्ये साधारणपणे दिवसाला १ ग्रॅम सुंठ, चार भागांत विभागून दिलेली असते. घरच्या मापानं ती अर्धा चहाचा चमचा होते, म्हणजे एका वेळी चिमूटभरच. आल्याचा पातळ काढा किंवा आलेपाकाची लहान वडीही चालते. छातीत जळजळ वाढली तर आलं बंद करायचं, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते औषधासारखं घ्यायचं नाही.

मिश्री लावली की मळमळ थांबते, असं काही बायका सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात आणि तिथून गर्भापर्यंत पोचतं, आणि बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं जन्मण्याचा धोका वाढतो. हा उपाय नको म्हणजे नकोच.

आता लोहाची गोळी. रिकाम्या किंवा बिघडलेल्या पोटात लोहानं मळमळ वाढते. आपल्या सरकारी कार्यक्रमातही पहिल्या तिमाहीत रोज फक्त फॉलिक ॲसिड देतात आणि लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. फॉलिक ॲसिडची गोळी लहान असते आणि ती सोसते. सकाळी उलटून पडत असेल तर ती रात्री झोपताना घ्यावी, पण सोडू नये. रक्त फार कमी असेल तर लोह कधी आणि कसं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

उलटीनंतर लगेच दात घासू नयेत. आम्लानं दातांचं वरचं आवरण मऊ झालेलं असतं आणि ब्रशनं ते झिजतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासानं दात घासावेत.

वरच्या बाईनं हे सगळं आठवडाभर पाळलं, तर मळमळ नाहीशी होणार नाही. पण चार उलट्यांच्या जागी एक-दोन झाल्या, मळमळीचे तास पाचावरून तीनवर आले आणि उमासे दोनदाच आले, तर तिचे गुण ३, २ आणि २ मिळून ७ होतात. ती दिवस रेटू शकते, थोडं खाऊ-पिऊ शकते. घरगुती उपायांकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

काहीच टिकत नसेल तेव्हा

एखाद्या दिवशी खाल्लेलं सगळंच पडतं. त्या दिवशी खाण्याचा आग्रह सोडून पाण्याकडे वळायचं. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात विरघळवायचं. लहान पाकिटं २०० मिलीलिटरचीही मिळतात, म्हणून पाकिटावरचं प्रमाण वाचायचं. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग दर पाच मिनिटांनी फक्त तीन चमचे. हे फार थोडं वाटतं, पण तासाला साधारण १८० मिलीलिटर होतं आणि दहा तासांत पावणेदोन लिटरांच्या वर जातं. तहानेपोटी पेला एकदम रिकामा केला तर तो तसाच बाहेर येतो. हे द्रावण चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं टाकून द्यायचं.

गोळ्या घेण्याची भीती

गरोदरपणात उलटीची गोळी घ्यायला बायका घाबरतात. या भीतीला इतिहास आहे. १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीसाठीही दिलं गेलं, आणि १९६१मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. पण आज पहिल्यांदा दिली जाणारी डॉक्सिलअमिन आणि ब६ जीवनसत्त्वाची जोडगोळी ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावरही आरोप झाले आणि १९८३मध्ये अमेरिकेत ती कंपनीनं बाजारातून काढून घेतली. पुढे अनेक अभ्यासांत तिच्यामुळे बाळाला व्यंग येत असल्याचं दिसलं नाही, आणि २०१३मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी तिला पुन्हा मान्यता दिली. तिचा परिणाम व्हायला काही तास लागतात, म्हणून ती बहुधा रात्री झोपताना देतात. तिनं झोप येते. उलटी झाली की एक घेतली असं न करता, डॉक्टर सांगतील तशी ती रोज घ्यायची असते. घरातल्या दुसऱ्या कुणाला उलटीसाठी दिलेल्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं घेऊ नयेत.

कधी थांबायचं नाही

उलट्या किती झाल्या यापेक्षा लघवी आणि वजन यांवरून धोका लवकर कळतो. लघवी फिकट पिवळी आणि दर चार-पाच तासांनी होत असेल तर पाणी पुरतं आहे. आठ तासांत लघवीच झाली नाही, किंवा ती थोडी आणि गडद होत असेल, तर घरी वाट पाहायची नाही. वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर करावं. गरोदरपणाआधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट हा आजार समजायचा. आपल्या उदाहरणातल्या ५२ किलोच्या बाईचं वजन साडेएकोणपन्नासाखाली गेलं, तर तो साधा त्रास उरला नाही.

चोवीस तास पाणीसुद्धा टिकलं नाही, उभं राहिल्यावर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटीत रक्त दिसलं, पोटात किंवा ओटीपोटात जोराचं दुखलं, अंगावरून रक्त गेलं, ताप आला, लघवीला जळजळ झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. यातली काही लक्षणं उलटीच्या आड लपलेल्या दुसऱ्या आजाराची असतात : गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग, कावीळ. गरोदरपणातली हिपॅटायटिस ई ही कावीळ जीवघेणी ठरू शकते आणि ती दूषित पाण्यातून येते. आधी अजिबात त्रास नसताना नवव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या, तरी तपासणी हवीच. फार तीव्र त्रासात सोनोग्राफी करतात, कारण जुळं असेल किंवा द्राक्षगर्भ असेल तरी उलट्या जास्त होतात.

दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. दोन-तीन आठवडे अन्न टिकलं नसेल तर शरीरातलं ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर उरलेलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाच्या दोन गोष्टी दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही त्याची लक्षणं. म्हणून ‘तीन आठवडे हिच्या पोटात काही राहिलेलं नाही, थायमिन द्यायचंय का?’ हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावं. एक बाटली लावून, बरं वाटलं म्हणून घरी परतायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच, असं होत असेल तर भरती करून घेण्याबद्दल बोलावं.

महाराष्ट्रात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते आणि तातडीच्या वेळी १०८वर फोन करता येतो. वस्तीतल्या आशाताईंना पहिल्या महिन्यातच कळवून ठेवलं तर वजन, फॉलिक ॲसिड आणि ओआरएस या तिन्ही गोष्टी जवळच मिळतात.

घरात पहिल्या तीन महिन्यांतली गरोदर बाई असेल, तर ‘किती खाल्लंस?’ हा प्रश्न आता सोडा. त्याऐवजी दिवसातून दोनदा विचारा : ‘पोटात काय राहिलं? लघवी किती वेळा झाली?’ ती नाही म्हणाली किंवा गप्प बसली, तर घड्याळ पाहा, आणि आठ तास उलटून गेले असतील तर तिला घेऊन निघा.